मागची शिवण

होजिअरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बनियन! दुकानाच्या पाटीवर ‘होजिअरी’ लिहिलेलं असतं आणि आत गंजीफ्रॉक, चड्ड्या, लहान मुलांचे झबले असा सगळा माल. माझाही समज अगदी परवापरवापर्यंत तोच होता. ‘होज’ म्हणजे मुळात पायात घालायचे लांब मोजे, आणि बनियन या घराण्यात फार उशिरा आलेला पाहुणा आहे, हे कळायला मला नॉटिंगहॅमला जावं लागलं. तेही मोज्यांच्या अभ्यासाला वगैरे नाही, प्रोजेक्टसाठी.

झालं असं की क्लायंटकडे एक जरा मोठी मीटिंग होती आणि मी हौसेनं स्कर्ट घालायचं ठरवलं. नोव्हेंबरची थंडी. उघड्या पायांनी जाणं शक्यच नव्हतं. म्हणून टाइट्स घ्यायला गेले, तर रॅकवर सगळ्या पाकिटांवर आकडे: १०, १५, ४०, ६०, १००. मला वाटलं साइझ असेल! शेवटी एक छान दिसणारं १५ आकड्याचं पाकीट उचललं. त्यात टाचेपासून वरपर्यंत मागच्या बाजूला एक बारीक काळी रेघ होती. मीटिंगच्या दिवशी टेबलाच्या कडेला गुडघा जरासा घासला आणि तिथून खालपर्यंत सर्रकन एक शिडी उतरली. असो. उरलेला दिवस मी फाइल गुडघ्यावर धरून काढला.

त्याच आठवड्यात शनिवारी मोकळीच होते म्हणून जवळच्या रडिंग्टन गावातलं फ्रेमवर्क निटर्स म्युझियम बघायला गेले. तिथे हातमागासारखी लाकूड-लोखंडाची मोजे विणायची जुनी यंत्रं आहेत आणि ती चालवून दाखवतात. दाखवणाऱ्या एक आजी होत्या. बोलता बोलता मी त्यांना माझ्या टाइट्सची कहाणी सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ती मागची रेघ होती ना, ती खोटी. खरी शिवण अशी नसतेच.”

खोटी शिवण? शिवण ही काय नटवायची गोष्ट आहे? तिथून जे वाचत सुटले त्यातलं थोडं आज इथे मांडतेय. ही सगळी गोष्ट त्या एका रेघेची आहे.

शिवण आली, गेली, परत आली

युरोपात सुरुवातीला लांब मोजे विणलेले नसायचेच. मागावरचं साधं कापड घ्यायचं, पायाच्या मापानं कापायचं आणि मागून शिवायचं. आता मागावरच्या कापडाला ताण सहन होत नाही. म्हणून ते सरळ न कापता तिरकं कापत. आपले शिंपी ज्याला उरेब कापणं म्हणतात, तेच. उरेब कापड थोडं ताणलं जातं, म्हणून पोटरीवर जरा तरी बसतं. पण घोट्याशी चुण्या पडायच्या त्या पडायच्याच. आणि मागे शिवण हवीच, कारण सपाट कापडाची नळी दुसरी कशी करणार?

सोळाव्या शतकात हातानं विणलेले मोजे इंग्लंडात सर्वत्र पसरले आणि हा प्रश्न सुटला. चार-पाच सुयांवर गोल गोल विणत गेलं की नळी आपोआप तयार होते. पोटरीकडून घोट्याकडे जाताना दोन टाके एकत्र विणून टाके कमी करत जायचं, की मोजा पायाच्या आकाराचा होतो. शिवण गेली! गंमत अशी की या हातविणीच्या मोज्यांवरसुद्धा मागे एक उभी रेघ असायची. ती उलट टाक्यांची. टाके कुठे कमी करायचे ते चुकू नये म्हणून विणणारी मध्यभागाची खूण ठेवत असे आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाके घटवत असे. मी माझ्या आजीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं त्यात काय, खूण नाही ठेवली तर डावं-उजवं सारखं कसं येणार?” म्हणजे कोडमधल्या कॉमेंटसारखंच. चालणाऱ्याला गरज नाही, लिहिणाऱ्याला आहे.

मग १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र केलं. (बायको किंवा प्रेयसी सतत विणत बसायची आणि याच्याकडे लक्ष द्यायची नाही म्हणून, असं म्हणतात. ती दंतकथाच समजायची.) त्याची कल्पना साधी आणि जबरदस्त होती. हातानं विणताना एका वेळी एकच टाका होतो. लीनं प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई दिली. एका सरळ पट्टीवर शेजारी शेजारी आकड्यासारख्या वाकवलेल्या सुया. सगळ्या सुयांवरून सूत आडवं टाकायचं, पातळ पत्र्यांनी ते सुयांच्या मधे मधे दाबून फासे पाडायचे, मग एक दांडी दाबून सगळ्या आकड्यांची तोंडं एकदम बंद करायची आणि जुने फासे नव्यांवरून उतरवायचे. झाली एक अख्खी ओळ.

राणी एलिझाबेथनं त्याला पेटंट दिलं नाही. हातानं विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, असं कारण तिनं दिल्याचं सांगतात. ली पुढे फ्रान्सला गेला. तिथे चौथ्या हेन्रीनं आश्रय दिला, पण १६१० मध्ये त्या राजाचाच खून झाला आणि ली तिकडेच निराश अवस्थेत वारला. त्याचा भाऊ यंत्रं घेऊन इंग्लंडला परतला आणि धंदा वाढला तो त्यानंतर.

पण माझ्या रेघेच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लीच्या सुया सरळ रांगेत होत्या. सरळ रांगेत सपाटच कापड निघणार, नळी निघणार नाही. म्हणजे हातविणीनं घालवलेली मागची शिवण यंत्रानं परत आणली.

काठाची किंमत

इथे रडिंग्टनच्या आजींनी मला जे दाखवलं ते सांगते. यंत्रावर पोटरीचा भाग विणून झाला की त्यांनी एक छोटं हत्यार घेतलं, काठाजवळचे काही फासे उचलले आणि आतल्या बाजूच्या सुयांवर सरकवून ठेवले. बाहेरच्या सुया रिकाम्या झाल्या, पुढची ओळ तेवढी अरुंद झाली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. असं दर काही ओळींनी करत गेलं की कापड पायाच्या आकाराचं होत जातं. याला ‘फुली फॅशन्ड’ म्हणतात. इथे फॅशन म्हणजे घडवणं. जिथे फासे सरकवले तिथे एकावर एक टाका बसून बारीक ठिपका दिसतो. हे ठिपके शिवणीच्या दोन्ही बाजूंना ओळीनं उतरताना दिसले की समजायचं, मोजा खरोखर घडवलेला आहे.

याचा फायदा काय? काठ. अशा कापडाची कड कुठेही कापलेली नसते. प्रत्येक ओळीतलं सूत काठाशी येऊन वळतं आणि परत जातं, त्यामुळे एकही फासा मोकळा राहत नाही. अशा दोन काठांची शिवण बारीक असते, सपाट असते आणि उसवत नाही.

याउलट आळशी मार्ग असा, की रुंद यंत्रावर भराभरा चौकोनी कापड विणायचं, त्यातून कात्रीनं मोज्याचा आकार कापायचा आणि शिवायचा. हा ‘कट-अप’. नवा असताना दिसतो अगदी तसाच. पण विणलेलं कापड कापलं की कडेचे सगळे फासे उघडे पडतात. थोडे दिवस वापरला, चार वेळा धुतला, की शिवणीपाशी फासे निसटायला लागतात आणि मोजा मागून फाटतो.

आणि याच कट-अपवरून माणसं पेटली. लुडाइट हा शब्द आपण ‘नवीन तंत्रज्ञानाला नाक मुरडणारा’ अशा अर्थानं सर्रास वापरतो, ऑफिसात तर शिवीसारखाच. पण १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधले विणकर रात्री घरांत शिरून यंत्रं फोडत होते, तेव्हा ते यंत्रांना घाबरत नव्हते. ते स्वतः यंत्रावरच काम करत होते, त्यांच्या बापजाद्यांनीही दोनशे वर्षं तेच केलं होतं. यंत्र बहुधा व्यापाऱ्याचं असे आणि विणकर त्याचं भाडं भरत असे. त्यांचा राग होता घटत्या मजुरीवर, शिकाऊ उमेदवारी न केलेल्या स्वस्त कामगारांवर आणि रुंद यंत्रांवर निघणाऱ्या या कट-अपवर. फसवा माल सगळ्याच नॉटिंगहॅमच्या मोज्यांचं नाव घालवतो, आणि फासे सरकवायचं कसब असलेल्या माणसाला मग कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळदा फोडायची यंत्रंही निवडून ठरवलेली असत.

सरकारनं १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला मृत्युदंड देणारा कायदा केला. त्याच शेजारात ज्याची वाडवडिलांची इस्टेट होती त्या कवी बायरननं २७ फेब्रुवारी १८१२ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपलं पहिलं भाषण केलं, ते या विधेयकाच्या विरोधात. उपयोग झाला नाही. मोज्याच्या मागच्या शिवणीत खरा काठ असावा की कापलेली कड, या भांडणाला फाशीपर्यंत जाऊन पोचायला एवढंच लागलं.

पुढे १८६४ मध्ये लफबराच्या विल्यम कॉटननं फासे सरकवण्याचं काम यंत्राकडूनच करून घ्यायची युक्ती काढली आणि एका वेळी अनेक मोजे घडवून निघू लागले. हाताचं कसब गेलं, पण खरा काठ राहिला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं उत्तम लांब मोज्याची ओळख म्हणजे मागची सरळ शिवण.

पाकिटावरचा आकडा

आता त्या आकड्यांकडे वळू, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. १५ डेनियर म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या रस्त्याला नऊ किलोमीटर धागा अंथरला तर त्याचं वजन १५ ग्रॅम. नायलॉनची घनता धरून मी व्यास काढून बघितला तर तो साधारण ४३ मायक्रॉन आला, म्हणजे आपल्या केसाहून बारीक किंवा फार तर तेवढाच. ६० डेनियर म्हणजे चौपट जाड वाटतं ना? नाही. वजन चौपट झालं की व्यास दुप्पट होतो, ८६ मायक्रॉन. पण धागा दुप्पट जाड झाला की टाक्यांमधली भोकं तेवढी बुजतात, म्हणून १५ मधून त्वचा दिसते आणि ६० मधून जवळजवळ दिसत नाही. माझी मीटिंगची निवड चूक नव्हती. औपचारिक स्कर्टखाली १० ते २०, आणि थंडीत लोकरी कपड्यांबरोबर ४० च्या वर, असाच साधारण तिकडचा रिवाज.

पातळ मोज्यांत पाय बारीक का दिसतो त्याचंही कारण छान आहे. पायाच्या मधोमध आपली नजर कापडावर सरळ पडते, भोकांतून त्वचा दिसते. कडेला पाय वळतो, नजर तिरकी पडते, आणि धाग्यांमागे धागे येऊन भोकं झाकली जातात. त्यामुळे दोन्ही कडा गडद आणि मधला भाग उजळ दिसतो. चित्रकार छटा देऊन गोलाई दाखवतो तसंच. त्यात मागून एक उभी काळी रेघ आली की पाय आणखी उंच वाटतो. नाइलाजानं आलेली शिवण आता पोशाखाचा भाग झाली होती. बायका घराबाहेर पडताना आरशात वळून ती सरळ आहे ना ते बघत.

किती भाग झाली होती ते युद्धानं दाखवलं. तोवर उंची मोजे रेशमाचे, आणि अमेरिकेत रेशीम यायचं जपानमधून. ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या गटानं १९३५ मध्ये नायलॉन बनवलं आणि १५ मे १९४० ला नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले. (कॅरोथर्स ते बघायला नव्हता, तो १९३७ मध्येच गेला.) पण १९४१ मध्ये जपानचं रेशीम बंद झालं आणि पुढच्या वर्षी सगळं नायलॉन पॅराशूटकडे गेलं. मोजे दुकानातून गायब. मग इंग्लंड-अमेरिकेत मुलींनी काय करावं? पायांना रंग लावला, ब्रिटनमध्ये तर रस्सा तपकिरी करायची पूडसुद्धा वापरली, आणि भुवयांच्या पेन्सिलीनं पोटरीवर मागून सरळ रेघ ओढली. मैत्रीण लागायची त्याला, स्वतःची रेघ स्वतःला कशी ओढता येणार?

मोजाच नाही, पण शिवण आहे! मला तर इथे थांबावंसंच वाटलं. युद्ध संपल्यावर मोजे परत आले तेव्हा दुकानांपुढे एवढ्या झुंबडी झाल्या की वर्तमानपत्रांनी त्यांना ‘नायलॉन दंगली’ म्हटलं. जून १९४६ मध्ये पिट्सबर्गला १३,००० जोड्यांसाठी ४०,००० लोक रांगेत होते.

रेघ कुणी पुसली?

गंमत म्हणजे शिवणीचा काळ संपवला तोही याच नायलॉननं. सुया वर्तुळात लावलेली गोल यंत्रं एकोणिसाव्या शतकापासून होतीच. ती भराभर नळ्या विणत, शिवण लागतच नसे. पण वर्तुळात जेवढ्या सुया तेवढे टाके, मांडीलाही तेवढेच आणि घोट्यालाही. टाके घट्ट-सैल करून थोडा आकार द्यायचा, पण सुती किंवा रेशमी नळी चार तासांत घोट्याशी गोळा व्हायची. म्हणून बिनशिवणीचा मोजा म्हणजे स्वस्तातला मोजा.

नायलॉनचा स्वभाव निराळा. ते उष्णतेनं मऊ होतं आणि थंड झाल्यावर त्याच आकारात बसतं. विणलेली नळी पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवून वाफ दिली की आकार कायमचा ‘सेव्ह’. फासे सरकवायची गरजच संपली. तरीही लोकांना खात्री पटायला वेळ लागला, पन्नासच्या दशकातही शिवणीचे मोजे भरपूर खपत होते. मग १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन मिल्सनं लांब मोजे आणि चड्डी जोडून ‘पँटी-लेग्ज’ आणले, म्हणजेच आजच्या पातळ टाइट्स. साठच्या दशकात मिनीस्कर्ट आला. त्याखाली सुट्या मोज्यांचं वरचं टोक दिसणार, तेव्हा टाइट्सना पर्यायच उरला नाही. त्या विणायला गोल यंत्र हवं. कॉटनच्या पद्धतीची यंत्रं बहुतेक भंगारात गेली.

आज खरे फुली फॅशन्ड मोजे करणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके आहेत. बाकी सगळी रेघ नळीवर नंतर घातलेली. ओळखायची खूण सोपी आहे: शिवणीच्या बाजूला ते उतरते ठिपके शोधा. आणि वरच्या दुमडलेल्या जाड पट्टीत, शिवणीच्या जागी, खऱ्या मोज्याला एक लहान गोल भोक असतं. तो दोष नाही, पट्टी दुमडून जोडताना राहणारी जागा आहे. नकली मोज्यांत हे भोकसुद्धा कधी कधी मुद्दाम करतात म्हणे, पण ठिपके तपासले की पितळ उघडं पडतं. माझ्या फाटलेल्या टाइट्सवर अर्थातच एकही ठिपका नव्हता. :)

जाता जाता पुरुषांच्या पायांकडे बघू, नाहीतर म्हणाल बायकांचंच सांगितलं. ऑफिसात फॉर्मल पँटखाली शंकरपाळ्यांच्या नक्षीचे मोजे घालणारे असतात ना, त्यांना आर्गाइल म्हणतात. स्कॉटलंडच्या आर्गाइल भागातल्या कॅम्पबेल घराण्याच्या चौकडीवरून हे नाव आलं. पण चौकडीची शंकरपाळी कशी झाली? आठवा, सुरुवातीचे कापडी मोजे उरेब कापायचे. चौकडीचं कापड तिरकं कापलं की चौकोन टोकावर उभा राहतो. स्कॉटिश हायलँडर तसेच मोजे घालत, मागे शिवण घालून. पुढे विणणाऱ्यांनी तीच नक्षी उतरवली आणि १९२० च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्सनं, म्हणजे नंतरच्या ड्यूक ऑफ विंडसरनं, गोल्फच्या तोकड्या विजारीखाली ती मिरवली. अस्सल विणीत प्रत्येक शंकरपाळ्याला स्वतंत्र सूत असतं, ते त्याच्या कडेशी येऊन शेजारच्या सुतात अडकतं आणि परत फिरतं. म्हणून हा मोजाही सपाट विणून मागे शिवायचा. मोजा उलटा करून बघा. आतून स्वच्छ असेल तर अस्सल, आडवे सैल धागे लोंबत असतील तर यंत्रानं सूत मागून नुसतं ओढत नेलंय. त्यात अंगठा अडकतो तो याच धाग्यांत.

म्हणजे कात्रीनं तिरकं कापलेलं कापड जाऊन शतकं झाली, तरी त्याची शंकरपाळी आपल्या घोट्यावर आहे. सरळ पट्टीवरच्या सुया भंगारात गेल्या, तरी त्यांची रेघ पोटरीवर आहे.

घरी आल्यावर मी बाबांचा एक जुना बनियन घेतला आणि बगलेखालून खालपर्यंत बोट फिरवलं. दोन्ही बाजूंना शिवण नाही! गोल यंत्रावर विणलेली अख्खी नळी, फक्त हात आणि गळा कापलेला. मोज्याच्याच यंत्राच्या वंशातलं कापड, म्हणूनच तर त्या दुकानाच्या पाटीवर ‘होजिअरी’. बाबा विचारत होते, “काय शोधतेयस गं त्यात?” म्हटलं, “शिवण.”

“नाहीये ना? मग बरंच आहे की,” म्हणाले आणि बनियन घेऊन गेले.